साडेआठ महिने उरलेला माल

अमेरिकेतल्या औषध दुकानातून मिळालेल्या गोळ्यांच्या मूळ बाटलीवर खाली बारीक अक्षरांत सहसा दोन पत्ते असतात. माल कुणी बनवला हे एकात असते, अमेरिकेत तो कोण विकते हे दुसऱ्यात. मुंबईत लोअर परळला मुख्यालय असलेल्या अल्केमच्या गोळ्या तिकडे असेंड लॅबोरेटरीज ही तिची उपकंपनी विकते आणि तिच्या कित्येक लेबलांवर काही वर्षे ‘पार्सिपनी, न्यू जर्सी’ हा पत्ता होता. टेव्हा या मोठ्या जेनेरिक कंपनीचे अमेरिकेतले मुख्यालयही पार्सिपनीतच आहे. अशा कार्यालयांत गोळ्या बनत नाहीत. तिथे करार होतात, मालाचा हिशेब राहतो, आणि त्या हिशेबातला सगळ्यात अवघड रकाना असतो मुदतीचा.

जेनेरिक गोळ्यांची मुदत बहुधा चोवीस महिन्यांची असते आणि ती कारखान्यातच सुरू होते. तपासणी, कागदपत्रे आणि न्हावा शेवाहून न्यूअर्कपर्यंतचा समुद्रप्रवास यांतच तीन-चार महिने जातात. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रातली वाट धोक्याची झाली, तेव्हापासून बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि त्यात आणखी दिवस खर्ची पडले. माल गोदामात पोचतो तेव्हा हाती वीसेक महिने उरलेले असतात. मोठे अमेरिकी होलसेलर माल उतरवून घेताना साधारणपणे किमान बारा महिन्यांची मुदत मागतात. म्हणजे चोवीस महिन्यांपैकी नेहमीच्या भावाने विकण्यासाठी कंपनीला जेमतेम आठ महिने मिळतात. त्या आठ महिन्यांत दुकानांच्या एखाद्या मोठ्या साखळीने आपले कंत्राट दुसऱ्या कंपनीला दिले, की त्या साखळीसाठी बनवून ठेवलेला माल गोदामातच बसून राहतो. गोळी उत्तम असते, तिच्यातला औषधाचा अंशही पुरेपूर असतो. कमी झालेला असतो तो फक्त वेळ. व्यापारात अशा मालाला शॉर्ट डेटेड म्हणतात. आपल्याकडचे औषध विक्रेते त्यालाच निअर एक्सपायरी म्हणतात.

हा माल होलसेलरला उतरत्या भावाने देण्याचा व्यवहार वरवर पाहता सोपा वाटतो: भाव कमी करायचा आणि माल परत घेणार नाही असे लिहायचे. प्रत्यक्षात पैसे बुडतात ते दुसऱ्या अटीपाशी. ती नीट समजण्यासाठी एक उदाहरण सविस्तर सोडवू. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, रीत खऱ्या व्यापारातली आहे.

पार्सिपनीतल्या एका कंपनीकडे रक्तदाबाच्या गोळ्यांच्या एकाच लॉटच्या ६,००० बाटल्या आहेत. प्रत्येक बाटलीत नव्वद गोळ्या. लेबलवर मुदत ०८/२०२६. नुसता महिना आणि वर्ष छापलेले असेल, तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा असा अमेरिकी औषधसंहितेचा नियम आहे, म्हणून ही मुदत ३१ ऑगस्ट २०२६ला संपते. कंपनी २ डिसेंबर २०२५ला प्रस्ताव पाठवते आणि १५ डिसेंबरपर्यंत माल पोचता करण्याचे कबूल करते. घेणाऱ्याच्या हाती साडेआठ महिने येतील.

नवखा विक्री अधिकारी इथेच चुकतो. साडेआठ महिने आहेत म्हणजे साडेआठ महिने विक्री होईल असे तो धरतो. अनुभवी माणूस ३१ ऑगस्टपासून मागे मोजत येतो. रोज एक गोळी घेणाऱ्या रोग्याला नव्वद दिवसांचे औषध एकदम देण्याची तिथे पद्धत आहे, आणि औषध संपण्याआधी मुदत संपेल अशी बाटली फार्मासिस्ट देत नाही. म्हणून ही बाटली रोग्याच्या हाती उशिरात उशिरा २ जूनला पडायला हवी. दुकानाच्या फळीवर ती महिनाभर बसू शकते हे धरले, तर होलसेलरने ती एप्रिलअखेर दुकानाकडे रवाना केलेली असावी. १५ डिसेंबर ते ३० एप्रिल म्हणजे साडेचार महिने. विक्रीचा खरा काळ एवढाच, आणि भाव ठरतो तो याच काळावरून.

हा होलसेलर या कंपनीच्या या गोळ्यांच्या महिन्याला सुमारे १,००० बाटल्या विकतो असे त्याच्याच जुन्या मागण्यांवरून दिसते. साडेचार महिन्यांत ४,५०० बाटल्या जातील. थोडी जागा सोडून त्याला ४,००० द्याव्यात. सहा हजार त्याच्या गळ्यात मारता येतीलही, पण त्यातल्या दीड-दोन हजार बाटल्या कुठल्या ना कुठल्या वाटेने परत येणार हे त्याच दिवशी ठरून जाते. उरलेल्या २,००० बाटल्या रुग्णालयांना आणि वृद्धाश्रमांना माल देणाऱ्या दुसऱ्या होलसेलरला दाखवणे शहाणपणाचे. रुग्णालयात गोळी त्याच दिवशी पोटात जाते, वृद्धाश्रमात दोन-चार आठवड्यांचे औषध दिले जाते. तिथे हीच बाटली जुलैपर्यंतही चालते. मुदत तीच, पण वापर वेगळा असला की विक्रीचा काळ लांबतो.

आता भाव. अमेरिकी औषध व्यापारात एका बाटलीला दोन भाव असतात. एक छापील यादीतला, जो होलसेलर कंपनीला देतो; दुसरा कंपनीने दुकानांच्या साखळ्यांशी करारात ठरवलेला, बराच कमी. होलसेलर यादीभावाने घेऊन करारभावाने विकतो आणि मधला फरक कंपनीकडून मागून घेतो. या मागणीला चार्जबॅक म्हणतात. आपल्या बाटलीचा यादीभाव २० डॉलर आणि करारभाव ८ डॉलर धरू. म्हणजे नेहमीच्या व्यवहारात दर बाटलीमागे १२ डॉलरचा चार्जबॅक येतो आणि कंपनीच्या पदरी ८ डॉलर पडतात.

कंपनी या मालासाठी ५ डॉलर सांगते. होलसेलरच्या बाजूने पाहा. ४,००० बाटल्यांना २०,००० डॉलर लागतील. त्याने त्या ७ डॉलरने विकल्या, तर २,८५८ बाटल्यांवर त्याची रक्कम वसूल होते. नेहमीच्या खपाने त्याला पुरते तीन महिनेही लागत नाहीत. हाती साडेचार आहेत. पुढचा दीड महिना त्याच्या नफ्याचा, आणि चुकले तर सावरण्याचाही. असा हिशेब बसला की माल परत करण्याचा हक्क सोडायला घेणारा तयार होतो. ६.५० डॉलर सांगितले असते तर त्याला ३,७०० हून जास्त बाटल्या विकाव्या लागल्या असत्या. मग त्याने हक्क सोडला नसता, किंवा सोडतो म्हणून नंतर भांडण काढले असते.

कंपनीच्या बाजूचा प्रश्न वेगळा आहे: ८ डॉलरने परतीच्या हक्कासह का विकू नये? तसे केले तर आज ३२,००० डॉलर दिसतात. पण परत आलेल्या प्रत्येक बाटलीचे ८ डॉलर परत द्यायचे, शिवाय ती हाताळून नष्ट करण्याचा खर्च, समजा एक डॉलर. बाटलीमागे ९ गेले. २०,०००च्या खाली यायला १,३३४ बाटल्या परत येणे पुरेसे आहे, म्हणजे एक तृतीयांश. मुदत एवढी कमी असताना एक तृतीयांश माल परत येईल असे वाटत असेल, तर पाच डॉलर रोख आणि परती नाही हाच सौदा कंपनीच्या फायद्याचा. तेवढे परत येणार नाही अशी खात्री असेल तर सवलत द्यायचे कारणच नाही. हा एक आकडा कागदावर काढल्याशिवाय सवलत ठरवू नये.

भाव ठरला. आता कागदाकडे येऊ, कारण नुकसान इथेच दडलेले असते.

पहिला खड्डा चार्जबॅकचा. होलसेलरच्या संगणकाला ही बाटली नेहमीचीच दिसते. ती करारातल्या साखळीला विकली गेली की तो सवयीने १२ डॉलरची मागणी पाठवतो. कंपनीने ५ घेतले आणि १२ दिले, म्हणजे बाटलीमागे ७ डॉलर खिशातून गेले. ४,००० बाटल्यांवर २८,०००. ही मागणी औषधाच्या सांकेतिक क्रमांकावर येते, तिच्यात लॉट नंबर बहुधा नसतो. त्यामुळे कुठली बाटली सवलतीची आणि कुठली नेहमीची हे मागणी पाहून कळत नाही. म्हणून प्रस्तावात दोन गोष्टी हव्यात: भाव निव्वळ आहे, त्यावर चार्जबॅक, रिबेट, सेवाशुल्क काहीही लागू नाही; आणि होलसेलरने या ४,००० बाटल्या कराराबाहेरच्या ग्राहकांना विकाव्यात किंवा तेवढ्या बाटल्यांच्या मागण्या आपणहून वगळाव्यात. जानेवारी-फेब्रुवारीत त्याची चार्जबॅकची संख्या त्याने घेतलेल्या नेहमीच्या मालापेक्षा वाढलेली दिसली, तर सवलतीच्या बाटल्या तिच्यात मिसळल्या हे ओळखावे.

दुसरा खड्डा परतीचा, आणि तो जास्त खोल आहे. तिथे दुकान मुदतीचा माल होलसेलरकडे नेऊन देत नाही. रिव्हर्स डिस्ट्रिब्युटर नावाच्या वेगळ्या संस्था दुकानांतून असा माल गोळा करतात, त्याची मोजदाद करतात, तो नष्ट करतात आणि कंपनीच्या परतीच्या धोरणाप्रमाणे पैसे मागतात. पुष्कळ कंपन्यांच्या धोरणात मुदत संपण्याआधी सहा महिने ते संपल्यानंतर बारा महिने एवढा काळ परतीसाठी खुला असतो. परती नाही ही अट होलसेलरने मान्य केली आहे; कोपऱ्यावरच्या फार्मासिस्टने ती पाहिलेलीही नाही. तो भल्या मनाने बाटली परत पाठवतो, कंपनीच्या नावे मागणी येते, आणि होलसेलर ती रक्कम पुढच्या देण्यातून कापून घेतो. परतीच्या धोरणात यादीभावाने क्रेडिट देण्याचे लिहिले असेल, तर पाचला विकलेली बाटली वीसला परत येते.

यावर उपाय अटीच्या भाषेत आहे. ‘होलसेलर माल परत करणार नाही’ एवढे लिहून भागत नाही. या मालाची परत मागणी कुणाकडूनही, कुठल्याही मार्गाने आली तरी ती रक्कम होलसेलर सोसेल, आणि आपल्या ग्राहकांना विकताना त्यांच्या बिलावर परती नसल्याचे तो छापेल, असे लिहावे लागते. आणि मागणी आल्यावर ती याच मालाची आहे हे सिद्ध करता यायला हवे. रिव्हर्स डिस्ट्रिब्युटर लॉट नंबर नोंदवतो. सगळा लॉट सवलतीत विकला असेल तर तेवढा पुरावा पुरतो. पण बहुतेक वेळा लॉटचा काही भाग आधीच नेहमीच्या भावाने, परतीच्या हक्कासह इतरांना गेलेला असतो. मग लॉट नंबर सारखाच आणि हक्क वेगळे.

इथे एक कायदा मदतीला आहे. २७ नोव्हेंबर २०१३ला अमेरिकेत औषध पुरवठा साखळी सुरक्षा कायदा झाला. बनावट औषधे रोखणे हा त्याचा हेतू. त्याने प्रत्येक विक्रीयोग्य पाकिटावर चार गोष्टी चौकोनी बारकोडमध्ये आणल्या: औषधाचा सांकेतिक क्रमांक, त्या एका बाटलीचा स्वतंत्र क्रमांक, लॉट आणि मुदत. २०२५ मध्ये उत्पादकांसाठी मे महिन्यात, होलसेलरांसाठी ऑगस्टमध्ये आणि मोठ्या औषध दुकानांसाठी नोव्हेंबरमध्ये या माहितीची इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाण बंधनकारक झाली. सवलतीच्या ४,००० बाटल्यांचे स्वतंत्र क्रमांक कंपनीकडे माल पाठवतानाच तयार असतात. ती यादी वेगळी जपून ठेवली आणि तीच प्रस्तावाला जोडली, की परत आलेल्या एकेका बाटलीविषयी ती कुठल्या अटीवर विकली होती हे सांगता येते. बनावट औषधांविरुद्ध केलेल्या तरतुदीचा हा उपयोग मला फार मोलाचा वाटतो. पण तो आपणहून मिळत नाही, यादी त्या दिवशीच बाजूला काढावी लागते.

परती नाही या अटीला मर्यादाही आहे, आणि ती स्वतःहून लिहिणारा विक्रेता शहाणा. न्यू जर्सीत मालविक्रीला राज्याच्या कायदेसंग्रहातले १२ए हे शीर्षक लागू होते. देशभरात जवळजवळ एकसारखी असलेली व्यापारी संहिताच तिथे आहे. तिच्याप्रमाणे मालाचे वर्णन ही हमी ठरते. तुम्ही ०८/२०२६ लिहिले आणि खोक्यात ०५/२०२६च्या बाटल्या निघाल्या, तर ‘परती नाही’ आणि ‘आहे तसा माल’ हे शब्द तुम्हाला वाचवत नाहीत. घेणारा तो माल नाकारू शकतो. म्हणून कागदावर लिहावे की चुकीचा लॉट, वाहतुकीत झालेली मोडतोड आणि कमी भरलेली संख्या माल मिळाल्यापासून ठरावीक दिवसांत, समजा तीन कामाच्या दिवसांत, कळवल्यास भरपाई मिळेल. त्यानंतर नाही. आणि रिकॉल, म्हणजे दोष आढळल्यामुळे बाजारातून माल परत बोलावणे, या अटीबाहेर राहील. मालात दोष निघाला तर तो गोळा करणे ही कंपनीचीच जबाबदारी. सवलतीचा भाव देऊन ती विकत घेणाऱ्यावर ढकलता येत नाही.

प्रस्तावाचा मजकूर मोठा असायला नको. मराठीत सांगायचा तर असा:

‘सोबतच्या यादीतील लॉटच्या व क्रमांकांच्या ४,००० बाटल्या, प्रत्येकी ९० गोळ्या, मुदत ऑगस्ट २०२६ अखेर; मुदत कमी उरल्यामुळे सवलतीने प्रत्येकी ५ डॉलर निव्वळ. हा प्रस्ताव शुक्रवार ५ डिसेंबर २०२५, सायंकाळी ५ पर्यंत खुला आहे. माल १५ डिसेंबरपर्यंत आपल्या गोदामात पोचेल; त्याहून उशीर झाल्यास आपण मागणी रद्द करू शकता. या भावावर चार्जबॅक, रिबेट, सेवाशुल्क वा अन्य वजावट लागू नाही; या बाटल्या आपण कराराबाहेरच्या ग्राहकांना विकाव्यात किंवा तेवढ्या बाटल्यांच्या चार्जबॅकच्या मागण्या वगळाव्यात. मुदत संपण्याच्या कारणावरून हा माल परत घेतला जाणार नाही. अशी मागणी कुणाकडूनही, कुठल्याही मार्गाने आली तरी ती रक्कम आपण सोसाल आणि आपल्या ग्राहकांच्या बिलावर परती नसल्याचे छापाल. चुकीचा लॉट, मोडतोड व कमी संख्या तीन कामाच्या दिवसांत कळवावी. रिकॉल या अटींना अपवाद आहे. आपल्या खरेदीपत्रातील छापील अटी यांच्याशी विसंगत असल्यास या अटी लागू राहतील; मान्यता सहीने कळवावी.’

शेवटच्या वाक्याचे कारण असे की होलसेलरच्या छापील खरेदीपत्राच्या मागच्या पानावर माल परत करण्याचा हक्क राखून ठेवलेला असतो. दोन कागद एकमेकांना छेद देत असले की कुठली अट टिकली यावर वकील कमावतात. सही घेतली की तो वाद उरत नाही. आणि प्रस्तावाची तारीख तीनच दिवस पुढची आहे, कारण इथे प्रत्येक आठवडा विक्रीच्या साडेचार महिन्यांतूनच जातो. जानेवारीत हाच माल पाच डॉलरचा राहत नाही.

सहीनंतर एक साधी गोष्ट हमखास विसरली जाते. होलसेलरच्या गोदामाचा संगणक बारा महिन्यांहून कमी मुदतीचा माल आपोआप नाकारतो. खरेदी विभागाने होकार दिला तरी उतरवून घेणाऱ्या माणसाला ते ठाऊक नसते आणि गाडी तशीच माघारी येते. जाण्यायेण्यात दहा दिवस गेले की मघाचा सगळा हिशेब हलतो. कमी मुदतीच्या मंजुरीचा उल्लेख खरेदीपत्राच्या क्रमांकासह पाठवणीच्या कागदावर आणि प्रत्येक पॅलेटवर असावा.

एकाच होलसेलरला स्वस्त दिले म्हणून दुसरा तक्रार करील का, ही शंका पार्सिपनीतल्या वकिलांकडे नेहमी येते. १९३६च्या रॉबिन्सन-पॅटमन कायद्याने सारखाच माल दोन स्पर्धक ग्राहकांना वेगळ्या भावाने विकून स्पर्धेला बाधा आणण्यास मनाई केली आहे. पण त्याच कलमात बाजारातली बदलती स्थिती आणि मालाची विक्रीयोग्यता घटणे यांना सूट आहे. नाशवंत माल खराब होत आला असणे हे उदाहरण कायद्यात शब्दशः दिले आहे. मुदत सरत आलेल्या औषधाला हे कारण लागू करता येते, पण त्यासाठी कागदावर मुदत आणि सवलत यांचा संबंध स्पष्ट दिसला पाहिजे. नुसता कमी भावाचा कागद पुढे तो आधार देत नाही. वित्त विभागालाही हा व्यवहार वेगळा कळवावा लागतो, कारण गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेला कंपनी जी सूट देते ती सरासरी विक्रीभावावरून मोजली जाते, आणि अशी विक्री तो भाव खाली ओढू शकते.

मग वाट पाहायची. ०८/२०२६ मुदतीच्या मालाचा परतीचा काळ, वरच्या धोरणाप्रमाणे, मार्च २०२६मध्ये उघडतो आणि ऑगस्ट २०२७अखेर बंद होतो. पहिल्या मागण्या बहुतेक उन्हाळ्यात येतात. देयक तपासणाऱ्याला कपात दिसली की त्याने बाटल्यांचे क्रमांक मागावेत, ते यादीशी ताडावेत आणि यादीत सापडलेल्यांची रक्कम होलसेलरला परत मागावी. यादीत नसलेल्या बाटल्या नेहमीच्या विक्रीतल्या; त्यांचे क्रेडिट कुरकुर न करता द्यावे. डिसेंबरमधला तो एक पानाचा प्रस्ताव, त्यावरची सही आणि ४,००० क्रमांकांची यादी हे तीन कागद १ सप्टेंबर २०२७पर्यंत त्याच्या हाताशी राहिले पाहिजेत, मग सौदा ठरवणारा विक्री अधिकारी तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असला तरी.